कामगिरी सुधारणा आराखडा: लेखा सहायक, खरेदी बिले

दिनांक: 1 सप्टेंबर 2025
मुदत: 1 सप्टेंबर ते 31 ऑक्टोबर 2025

सुप्रिया,

29 ऑगस्टला आपले बोलणे झाले, त्यानुसार हा आराखडा देत आहोत.

जून ते ऑगस्टमध्ये तुम्ही 412 बिले नोंदवली. त्यांत 43 चुका निघाल्या. पैकी 6 स्टोअरकडून माल-पावती उशिरा आल्यामुळे झाल्या, त्या तुमच्या खात्यात धरलेल्या नाहीत. उरलेल्या 37 पैकी 21 बिल क्रमांकाच्या किंवा जीएसटी क्रमांकाच्या, 11 आयजीएसटीऐवजी सीजीएसटी-एसजीएसटी लावल्याच्या, 5 दुबार नोंदीच्या. बिलावर `SE/25-26/0147` असताना नुसते `147` टाकले की GSTR-2B शी ताळा जमत नाही आणि क्रेडिट अडकते. बहुतेक चुका या एकाच सवयीतून आल्या आहेत. लघुउद्योग पुरवठादारांची 4 बिले 45 दिवसांपुढे गेली, ही बाब जास्त गंभीर आहे.

जूनपासून पेटी कॅशचे कामही तुमच्याकडे आले, हे आम्ही विसरलेलो नाही. तुमची बँक जुळवणी मात्र तिन्ही महिने बिनचूक होती.

अपेक्षा

चुका: नोंदवलेल्या बिलांच्या 2 टक्क्यांपर्यंत. महिन्याला साधारण 140 बिले येतात, म्हणजे जास्तीत जास्त 2. सप्टेंबरपुरती सूट 4 टक्के, म्हणजे 5.
वेळ: माल-पावती जोडलेले बिल 3 कामाच्या दिवसांत नोंदवणे.
ताळा: GSTR-2B 14 तारखेला येते, तफावतींची यादी 17 पर्यंत द्यावी. पुरवठादारानेच विवरण भरले नसेल तर ती चूक तुमची नाही, पण यादीत नोंद हवी.
लघुउद्योग बिले: 35व्या दिवशी लेखा व्यवस्थापकांना लेखी आठवण. उशीर शून्य.

आमच्याकडून

पेटी कॅश आजपासून दुसऱ्या सहकाऱ्याकडे. 3 आणि 4 सप्टेंबरला दुपारी दोन-दोन तास सरावासाठी: पुरवठ्याचे ठिकाण पाहून कर निवडणे आणि दुबार बिल पकडणे. पहिले तीन आठवडे रोज 4.30 ला वरिष्ठ लेखापाल तुमच्यासोबत 10 बिले तपासतील. माल-पावती 24 तासांत देण्याची लेखी सूचना स्टोअरला गेली आहे.

आढावा: 15 सप्टेंबर, 29 सप्टेंबर, 13 ऑक्टोबर, 31 ऑक्टोबर, प्रत्येकी सकाळी 11 वाजता, अर्धा तास. आकडे आदल्या कामाच्या दिवशी तुम्हाला मिळतील. पटले नाहीत तर बिल काढून एकत्र पाहू. मंजूर रजेचे दिवस मुदतीत वाढवले जातील.

ऑक्टोबरचे आकडे जमले की आराखडा बंद, आणि त्याचा वेतनवाढीशी संबंध राहणार नाही. थोडक्यात हुकले तर एकदाच 30 दिवसांची वाढ. तरीही जमले नाही तर आधी बँक जुळवणीच्या कामावर बदलीचा विचार होईल. सेवेबाबत कुठलाही निर्णय लेखी नोटीस दिल्याशिवाय आणि तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय होणार नाही.

तुमचे म्हणणे 5 सप्टेंबरपर्यंत लेखी द्या. ते याच फाइलला जोडले जाईल. खालची सही म्हणजे आराखडा मिळाल्याची पोच, चुका मान्य केल्याची नव्हे.

लेखा व्यवस्थापक
मनुष्यबळ अधिकारी
पोच: लेखा सहायक