हेडसेट घालण्याआधी

तक्रार विभागातल्या आपल्या टीमसाठी. या आठवड्यात बरेच रिफंड अडकलेत, म्हणजे फोन तापलेलेच येणार. हा कागद स्क्रीनशेजारी लावून ठेवा.

शब्दाने शब्द वाढतो. दोघांपैकी एकाने थांबायचं असतं, आणि ते काम आपलं.

वड्याचं तेल वांग्यावर निघतंय. राग अडकलेल्या पैशांचा आहे, फोन फक्त तुम्ही उचललाय.

"शांत व्हा" म्हटल्याने कुणी शांत होत नाही.

मध्येच तोडलं, की ग्राहक पहिल्यापासून सुरू करतो. बोलून संपू द्या, कॉल लवकर संपेल.

ओरडणाऱ्याच्या डोक्यात हिशोब चालू असतो: किती वेळा फोन केला, किती वेळ होल्डवर थांबलो, किती जणांना हेच सांगितलं. त्यात आपली भर नको. आधीच्या नोंदी वाचा आणि तुम्हीच म्हणा, "तुम्ही सोमवारी फोन केला होता. ऑर्डर रद्द झाली, पण पैसे परत आले नाहीत. बरोबर?" आपलं कुणीतरी वाचलंय हे कळलं, की आवाज खाली येतो. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

त्याचा आवाज चढला, की आपला उतरवा. त्याने घाई केली, की आपण सावकाश बोला.

तो गप्प झाला, की लगेच तोंड उघडू नका. बऱ्याचदा खरी गोष्ट त्यानंतर येते: "त्या पैशांतून मुलीची फी भरायची होती हो." आपण भांडत नव्हतो, घाबरलेल्या माणसाशी बोलत होतो, हे तेव्हा कळतं.

माफी एकदाच मागा, पण नेमक्या चुकीची. प्रत्येक वाक्यात "सॉरी" आलं, की ते कानावरून जातं.

जखम मांडीला आणि मलम शेंडीला नको. त्याला पैसे हवेत, कूपन नको.

नक्की माहीत नसताना "उद्या होईल" म्हणू नका. उद्याचा तो फोन आपल्याच शेजारच्या खुर्चीवर येतो.

त्याची तक्रार लिहून घ्या, त्याचे टोमणे लिहून घेऊ नका.

राग ऐकायचा, शिव्या आणि धमक्या नाही. एकदा स्पष्ट सांगा, "अशा भाषेत मी पुढे बोलू शकणार नाही." तरी थांबलं नाही तर कॉल माझ्याकडे द्या. त्याने तुमचे गुण कापले जाणार नाहीत, हे मी आपल्या ग्रुपवर लेखी दिलंय.

पुढच्या ग्राहकाने तुमचं काहीच बिघडवलेलं नाही. म्हणून कठीण कॉलनंतर आधी हेडसेट काढा, उठा, पाणी प्या. ब्रेक हवा असेल तर मला नुसता हात करा. कारण विचारणार नाही.