वनाजजवळील नियोजित बारा मजली इमारत : ॲनिमेटेड फेरफटक्याचा दृश्यनिहाय आराखडा

प्रति, प्रकल्पाचे विक्री प्रमुख, वास्तुविशारद आणि आमचा थ्रीडी विभाग.

चित्रफितीची लांबी २ मिनिटे २० सेकंद राहील. सेकंदाला २५ चौकटी या हिशेबाने एकूण ३,५०० चौकटी रेंडर कराव्या लागतील. नमुना म्हणून आठव्या मजल्यावरील ईशान्य कोपऱ्याची २ बीएचके सदनिका घेतली आहे. मॉडेल महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशांवरूनच उभारावे, विक्रीच्या माहितीपत्रकावरून नव्हे. जाहिरातीतील चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार भरपाई मागता येते, आणि ही चित्रफीतही जाहिरातच आहे.

कॅमेरा खोल्यांमध्ये सर्वत्र दीड मीटर उंचीवर, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर राहील. लेन्स २४ मिमीपेक्षा रुंद घेऊ नये. अधिक रुंद लेन्सने दहा फुटांची खोली पंधरा फुटांची भासते आणि ताबा घेताना ग्राहकाचा विरस होतो. अखेरचे दृश्य वगळता प्रकाश १५ डिसेंबरच्या सकाळी साडेआठचा धरावा.

दृश्य १ (१६ सेकंद). वनाज मेट्रो स्थानकाच्या जिन्यापासून पौड रस्त्याने गल्लीच्या तोंडापर्यंतचा मार्ग उंचावरून दिसेल. चालण्याचा वेळ नऊ मिनिटे असल्याचे पडद्यावर लिहावे. मधले अंतर कापून स्थानक दारात आणून ठेवू नये.

दृश्य २ (१० सेकंद). फाटकातून पूर्वेकडील दर्शनी भाग. झाडे लागवडीनंतर दोन वर्षांनी असतील तेवढीच दाखवावीत.

दृश्य ३ (१२ सेकंद). पार्किंग, लॉबी, लिफ्ट. येथे रेंगाळू नये.

दृश्य ४ (२४ सेकंद). दार उघडताच चपलांचे कपाट, त्यानंतर १० फूट × १५ फूट ६ इंचांचा हॉल. सोफा साडेसहा फुटांचा, बाजारात मिळतो तोच ठेवावा. जागा ऐसपैस दिसावी म्हणून फर्निचर लहान करण्याची क्लृप्ती आपण वापरणार नाही. कॅमेरा सावकाश बाल्कनीकडे सरकेल.

दृश्य ५ (१६ सेकंद). या चित्रफितीचे खरे आकर्षण हेच दृश्य आहे, म्हणून त्यासाठी तयार छायाचित्र वापरू नये. आठव्या मजल्याची जमीन २४ मीटरवर येते; त्यामुळे आवश्यक परवानगी घेऊन ड्रोन साडेपंचवीस मीटरवर स्थिर ठेवावा आणि उत्तरेकडील वेताळ टेकडीच्या रांगेची छायाचित्रे घ्यावीत. शेजारच्या चार मजली जुन्या सोसायटीची गच्ची, तिच्यावरील पाण्याच्या टाक्यांसह, चौकटीत राहू द्यावी. बाल्कनी उत्तराभिमुख असल्याने डिसेंबरात तेथे थेट ऊन येत नाही. फरशीवर सोनेरी कवडसे टाकण्याचा मोह थ्रीडी विभागाला होईल, तो टाळावा.

दृश्य ६ (१८ सेकंद). स्वयंपाकघरात कॅमेरा ओट्यासमोर तीन सेकंद थांबेल, कारण ओट्यापाशी उभे राहिल्यावर तोंड पूर्वेकडे येते का हे येथील ग्राहक हमखास विचारतात. कोपऱ्यात लहान दिशादर्शक असावा. फ्रिजची जागा, देवघराचा कोनाडा आणि ड्राय बाल्कनीतील वॉशिंग मशीन व भांडी घासण्याची जागा एकाच सलग हालचालीत दिसावी, म्हणजे घरात वावरताना किती पावले पडतील याचा अंदाज येईल.

दृश्य ७ (२४ सेकंद). मोठ्या शयनगृहात पूर्वेच्या खिडकीतून तिरपे ऊन यावे. पलंग ६ × ६.५ फुटांचा असावा आणि कपाटाचे दार पूर्ण उघडून दाखवावे, कारण दार आणि पलंग यांमध्ये उरणारी वाट आकड्यांपेक्षा डोळ्यांना लवकर कळते. दुसरी खोली मुलांची. स्नानगृहांत डोकावून पुढे जावे.

दृश्य ८ (८ सेकंद). हे दृश्य विक्री विभागाला नको आहे, याची आम्हाला कल्पना आहे. तरीही दुसऱ्या मजल्यावरील त्याच बाजूच्या बाल्कनीतून समोर शेजारची भिंत दिसते, हे एकदा दाखवावे आणि मजल्याचा क्रमांक ठळक लिहावा. केवळ आठव्या मजल्यावरची टेकडी पाहून दुसऱ्या मजल्याची नोंदणी करणारा ग्राहक पुढे तक्रार घेऊनच येईल.

दृश्य ९ (१२ सेकंद). संध्याकाळी इमारतीचा दर्शनी भाग. निम्म्याच खिडक्यांत दिवे. त्यावर रेरा व्याख्येनुसार चटई क्षेत्र, म्हणजे अंतर्गत भिंतींसह परंतु बाल्कनी वगळून, ६९० चौरस फूट असे लिहावे. महारेरा नोंदणी क्रमांक, संकेतस्थळाचा पत्ता आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींत बंधनकारक असलेला क्यूआर कोड किमान सहा सेकंद स्थिर राहावा, म्हणजे मोबाइलने तो टिपता येईल.

प्रथम रंगांविना क्ले रेंडरमधील ॲनिमॅटिक दाखवले जाईल. कॅमेऱ्याची वाट आणि दृश्यांचे वेळ त्याच टप्प्यावर लेखी मंजूर करावेत. अंतिम रेंडर सुरू झाल्यावर भिंत, खिडकी किंवा फर्निचर हलवल्यास संबंधित दृश्याच्या सर्व चौकटी पुन्हा काढाव्या लागतील आणि त्याचा खर्च स्वतंत्र आकारला जाईल.