जांभळी धूपछाँव पैठणी, नारळी काठ, पदरावर बांगडी मोर (हातमाग, येवला)

ही साडी एकच आहे. छायाचित्रांत दिसते तीच आपल्याकडे येईल. त्याच नमुन्याची दुसरी नाही. लांबी साडेपाच मीटर, त्यापुढे सलग विणलेला ऐंशी सेंटिमीटरचा ब्लाउजपीस, पन्हा सुमारे ४६ इंच, दोन्ही बाजूंचे काठ साडेतीन इंचांचे, पदर अठ्ठावीस इंचांचा आणि वजन ब्लाउजपीससह सुमारे सातशे ग्रॅम. ताणा आणि बाणा दोन्ही शुद्ध मलबेरी रेशमाचे आहेत. अंगभर चार-चार इंचांवर छोटी जरीची बुट्टी आहे आणि तीही मागावर हातानेच भरलेली आहे.

पैठणीचे खरे काम पदरात असते. इथे धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जात नाही. जिथे मोराची मान हिरवी असायला हवी, तिथे विणकर हिरव्या रेशमाची छोटी कांडी तेवढ्याच तारांमधून फिरवतो, जिथे मान संपते तिथे शेजारच्या जरीच्या धाग्यात ती अडकवतो आणि मागे वळवतो. पदराच्या एका ओळीत अशा कितीतरी कांड्या एकाच वेळी लटकत असतात आणि प्रत्येक ओळीला त्या सगळ्या एकेक करून हलवाव्या लागतात. म्हणूनच दिवसभर बसून पदर इंच-दीड इंचच पुढे सरकतो. हा पदर पूर्ण व्हायला चार आठवडे लागले. अंग त्या मानाने लवकर उतरते, पण काठाचा धागा अंगाच्या धाग्यात ओळीगणिक गुंतवायचा असल्यामुळे तिथेही घाई चालत नाही.

धूपछाँव म्हणजे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या. या साडीत उभा धागा गडद निळा आणि आडवा राणी गुलाबी आहे, आणि दोन्ही मिळून डोळ्यांना जांभळा दिसतो. साडी सपाट पसरली तर जांभळा एकसारखा वाटतो. निऱ्या घातल्या की घडीच्या कडेवर गुलाबी चमक उठते आणि खोलगट भागात निळा गडद होतो. पदरात जरीखालून तोच निळा ताणा जात असल्याने तिथले सोने थोडे जुनाट, मंद दिसते. लखलखीत पिवळे सोने हवे असणाऱ्यांना हे कदाचित रुचणार नाही. आमच्या मते याच रंगसंगतीत ते शोभते.

यामुळे छायाचित्रांचा प्रश्न उभा राहतो आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. कॅमेरा एका वेळी एकाच कोनातला रंग पकडतो, शिवाय प्रत्येक मोबाईलचा पडदा निळा-गुलाबी आपापल्या पद्धतीने दाखवतो. म्हणून आम्ही तीन छायाचित्रे दिली आहेत: खिडकीजवळच्या सकाळच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली आणि पिवळ्या दिव्यात. पहिल्यातला रंग प्रत्यक्षाच्या सर्वांत जवळचा आहे. पिवळ्या दिव्यात साडी वांगी रंगाकडे झुकते, आणि लग्नसमारंभात संध्याकाळी ती तशीच दिसेल, हे निवडताना ध्यानात घ्यावे. रेशमाच्या लडी लहान भांड्यांत रंगवतात आणि दोन घाण्यांचा रंग तंतोतंत सारखा कधीच उतरत नाही. या साडीतच, पदरापासून सुमारे ३२ इंचांवर, एका कांडीचा गुलाबी संपून दुसरीचा सुरू झाल्याची बारीक आडवी रेघ आहे. ती चौथ्या छायाचित्रात जवळून दाखवली आहे. नेसल्यावर ती कुठे येईल हे नेसणाऱ्याच्या पद्धतीवर ठरेल. आम्ही नेसवून पाहिली तेव्हा ती निऱ्यांपाशी गेली होती.

जरीबद्दल स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. ही जर चांदीची नाही. तांब्याच्या तारेवर चांदीचा पातळ थर आणि वर सोनेरी मुलामा, अशी ती आहे. चांदीच्या जरीची पैठणी वेगळी आणि पुष्कळ महाग असते. मुलाम्याची जर ओल, घाम आणि अत्तर यांमुळे काळवंडू शकते, म्हणून पुढे दिलेली निगा महत्त्वाची आहे.

हातमागाची खूण पदराच्या उलट्या बाजूला शोधावी. साडी हाती आल्यावर पदर पालथा करून पाहा: मोर मागूनही जवळपास तसाच, स्वच्छ दिसेल. यंत्रावरच्या नकलेत उलट बाजूस नक्षीपासून नक्षीपर्यंत सुटे धागे लोंबतात किंवा ते कातरल्याच्या चिवट कडा लागतात. काठ आणि अंग जिथे मिळतात तिथे दोन रंगांचे धागे एकमेकांत अडकलेले दिसतील. किनारीवर टाचणीएवढी छिद्रे दिसली तर तो दोष समजू नये. विणताना कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या खिळ्यांची ती खूण आहे.

साडीला सिल्क मार्क आणि हँडलूम मार्क अशी दोन्ही लेबले आहेत. २००४ साली सुरू झालेला सिल्क मार्क धागा शुद्ध रेशमाचा असल्याचे सांगतो, विणकाम हाताचे की यंत्राचे याबद्दल तो काही सांगत नाही. ते काम २००६ पासूनच्या हँडलूम मार्कचे. त्यामुळे केवळ एक लेबल पाहून पैठणी हातमागाची ठरवू नये. पैठणीला भौगोलिक मानांकनही आहे. साडीसोबत मागावर उरलेल्या ताण्याचे थोडे धागे वेगळ्या पुडीत पाठवतो. त्यातला एखादा चिमट्यात धरून जाळून पाहता येईल: रेशीम केस जळल्यासारखा वास देते आणि राख बोटांत चुरगळते, पॉलिएस्टर मात्र वितळून कडक गोळी होते. साडीचा धागा ओढून हा प्रयोग करू नये.

साडी घरी धुऊ नये. रेशमी कपड्यांची सवय असलेल्याकडूनच ड्रायक्लीन करून घ्यावी, तेही प्रत्येक वापरानंतर नव्हे. नेसून झाल्यावर रात्रभर सावलीत वाऱ्यावर पसरून ठेवली तरी पुरते. डाग पडल्यास चोळू नये, कोरड्या सुती कापडाने टिपून घ्यावा. फॉल सुती असेल तर लावण्यापूर्वी भिजवून वाळवावा, नाहीतर तो नंतर आखडून काठाला सुरकुत्या पाडतो. इस्त्री मंद आचेवर, उलट्या बाजूने, मध्ये पातळ कापड घालून करावी. अत्तर साडी नेसण्याआधी लावावे.

ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही ठेवू नये. ओल कोंडते आणि जर काळी पडते. जुन्या धुतलेल्या मलमलीत गुंडाळावी, डांबराच्या गोळ्या जरीजवळ आणू नयेत आणि दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या ठिकाणी घालावी, कारण एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिलेले रेशीम तिथेच विरते.

रंग अपेक्षेपेक्षा वेगळा वाटला तर साडी मिळाल्यापासून सात दिवसांत परत करता येईल. पदराला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी न तोडलेली आणि फॉल-पिको न केलेले असावे. परतीच्या पाठवणीचा खर्च आम्ही देऊ. मागणीपूर्वी दिवसाच्या उजेडातला छोटा व्हिडिओ हवा असल्यास कळवावे, आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रित करून पाठवतो.