संतोषला पत्र: मार्कअप वेगळं, मार्जिन वेगळं

शहापूर, बेळगाव

चि. संतोष,

खानापूरचं दुकान सुरू झालं, पहिल्याच महिन्यात गणपती मंडळाची चाळीस कुर्त्यांची ऑर्डर पण आली, ऐकून बरं वाटलं. तू पाठवलेला चिठ्ठीचा फोटो बघितला. हिशेब नेटका मांडलायस, पण खाली "३० टक्के मार्जिन, रेट ५९८" असं लिहिलंयस ना, तिथंच अडलो म्हणून हे लिहितोय, फोनवर सांगितलं असतं तर तू नुसतं होय होय मास्तर म्हणाला असतास.

तुझाच हिशेब घे. कापड २५०, बटण दोरा बुकरम ३०, कारागिराची शिलाई १५०, इस्त्री पॅकिंग १०, लाईट न किरकोळ २०. एका कुर्त्याची कॉस्ट झाली ४६०. त्याच्यावर ३० टक्के म्हणजे १३८ चढवलेस आणि ५९८ केलेस. हे जे कॉस्टवर चढवलंस ते मार्कअप. मार्जिन कॉस्टवर काढत नाहीत रे, गिऱ्हाईक जे देणार त्याच्यावर काढतात. १३८ भागिले ५९८ करून बघ, २३ टक्के येतात. तुझ्या हातात तीस राहत नाहीत, तेवीस राहतात.

आता तू म्हणशील रुपये तर तेवढेच, १३८ चे १३८, मग नावावरून एवढं काय. महिनाअखेरीला कळेल. गल्ल्यात जमते ती विक्री, कॉस्ट नाही. समज महिन्यात असलाच माल ४०,००० चा विकलास, तू मनात धरणार ३० टक्के म्हणजे १२,००० सुटले आणि त्याच भरवशावर गाळ्याचं भाडं, ओव्हरलॉक मशिनचा हप्ता, सगळं ठरवणार, पण खरे सुटलेले असतात सव्वानऊ हजारांच्या आसपास, म्हणजे पावणेतीन हजार कुठं गेले म्हणून तू दुकानातल्या पोरावर डाफरणार आणि ते बिचारं कुठं घेऊन जाणार.

तीस टक्के मार्जिनच पाहिजे असेल तर गुणायचं नाही, भागायचं. शंभरातनं तीस गेले सत्तर, म्हणून

```
४६० ÷ ०.७० = ६५७
```

म्हणजे ६५७ ला विकलास तर १९७ सुटतात आणि ते ६५७ चे तीस टक्के होतात. कॉस्टवर बघितलंस तर हाच मार्कअप जवळजवळ ४३ टक्के. मार्कअपचा आकडा नेहमी मोठाच दिसणार, कारण कॉस्ट विक्रीपेक्षा लहान असते. २५ चढवलेस तर मार्जिन २०, ५० चढवलेस तर ३३, दुप्पट केलंस तरी ५०च. कापडाचे होलसेलवाले बोलताना "एवढे टक्के चढवा" म्हणतात ते मार्कअपचं असतं, ते ऐकून मार्जिन समजू नकोस.

आणि खरी गंमत डिस्काउंटला आहे. मंडळाची पोरं येणार, अर्धं मराठी अर्धं कन्नड बोलत, "मास्तर स्वल्प कम्मी माड्री" म्हणत आणि वीस टक्क्यांवर अडून बसणार. तुला वाटणार तीस चढवलेत, वीस सोडले तरी दहा उरतात. उरत नाहीत बाबा! डिस्काउंट विक्रीच्या किमतीवर जातं. ५९८ चे वीस टक्के म्हणजे जवळजवळ १२०, राहिले ४७८, तुझे सुटले अठरा रुपये. चाळीस कुर्ते, रात्री जागून कटिंग, वर एकाची बाही लांब एकाचा गळा घट्ट म्हणून ऑल्टर, आणि मिळाले सातशेच्या वर थोडेसे. पंचवीस टक्के सोडलेस तर कुर्त्यामागं अकरा साडेअकरा रुपये खिशातनं. म्हणून डिस्काउंट किती द्यायचं ते आधी मनात धर आणि मग रेट सांग, सांगितल्यावर नुसतं "डिस्काउंट नाही, वाटलं तर पाच कुर्त्यांमागं एक पिशवी फ्री" म्हण, पिशवीला काय लागतंय, उरलेल्या कापडात होते.

एक मात्र बघ, टक्क्याच्याच मागं लागू नकोस. गिऱ्हाइकानं कापड आणलेल्या ब्लाऊजला ३५० घेतलेस आणि कॉस्ट २१० आली तर मार्जिन ४० टक्के, पण सुटले १४०. आपल्या कापडाच्या सूटला मार्जिन वीसच असेल, पण साडेतीन हजारांच्या सूटला सातशे सुटतात. दिवसाला किती नग निघतात हे पण बघायचं. अक्कांच्या ब्लाऊजनी दुकान चालतं हे विसरू नकोस, लग्नसराईत तर लईच.

तर मंडळाला अजून चिठ्ठी दिली नसशील तर ६६० सांग, ६३० पर्यंत ये, त्याच्या खाली नको. ६३० ला १७० सुटतात, सत्तावीस टक्के, बरं आहे. निम्मा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय कापडाला कात्री लावू नकोस, आणि मापं एकदम सगळ्यांची घे, नाहीतर दहा जण गणपतीच्या आदल्या दिवशी येतात. नवीन चिठ्ठी करून फोटो पाठव, बघून सांगतो.

तुझा,
मारुती मास्तर