डेरिव्हेटिव्ह सगळीकडे शून्य, मग फंक्शन कॉन्स्टंटच का?

परवा बारावीतल्या भाचीचा फोन आला, रडवेली झालेली. sin x cos x चं इंटिग्रेशन तिने (sin²x)/2 काढलं आणि पुस्तकात मागे −(cos²x)/2 दिलंय, मग माझं चुकलं का मामा? म्हटलं अगं दोन्ही बरोबर आहेत, पण का ते नीट समजून घे, कारण सगळं इंटिग्रेशन याच गोष्टीवर उभं आहे.

मी तिला आधी विचारलं, एखाद्या इंटरव्हलवर f'(x) = 0 सगळीकडे असेल तर f तिथे कॉन्स्टंट, हे कशावरून? लगेच म्हणाली, शून्याचं इंटिग्रेशन C, म्हणून. बहुतेक मुलं हेच सांगतात आणि इथेच गडबड आहे, कारण शून्याचं इंटिग्रेशन फक्त C च येतं, दुसरं काही येत नाही, हे तरी कुणी सिद्ध केलं? तेच तर सिद्ध करायचंय ना! आणि "स्लोप शून्य म्हणजे आडवी रेष" हेही पुरत नाही, डेरिव्हेटिव्ह एकेका बिंदूपाशी काय चाललंय तेवढंच सांगतो आणि आपल्याला लांबच्या दोन बिंदूंची तुलना करायचीय. तो पूल मीन व्हॅल्यू थिअरम बांधतो.

आता प्रूफ. इंटरव्हलमधले कुठलेही दोन बिंदू घे, a < b. मधला सगळा भाग इंटरव्हलमध्येच आहे, तिथे f डिफरन्शिएबल आहे म्हणजे कंटिन्युअसही आहे, त्यामुळे थिअरम लागू होतो आणि a आणि b च्या मध्ये असा एक c मिळतो की

f(b) − f(a) = f'(c)(b − a)

c नेमका कुठे आहे माहीत नाही, पण गरजच नाही, कारण f' सगळीकडे शून्य आहे तर तिथेही शून्यच. म्हणून f(b) = f(a). a, b कुठलेही होते, म्हणजे f सगळीकडे एकच. झालं, एवढंच!

आता भाचीचं गणित. समजा F आणि G दोघांचा डेरिव्हेटिव्ह एकच आहे, तर F − G चा डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणून F − G कॉन्स्टंट. तिची दोन उत्तरं वजा केली की (sin²x + cos²x)/2, म्हणजे बरोब्बर 1/2. "+ C" लिहायचं ते यासाठी, एक अँटिडेरिव्हेटिव्ह सापडला की बाकीचे सगळे त्यात C मिळवून येतात, याबाहेर एकही उरत नाही.

आणि "इंटरव्हल" हा शब्द गाळू नका प्लीज. x/|x| घ्या, शून्य सोडून सगळीकडे डेरिव्हेटिव्ह शून्य, तरी डावीकडे −1 आणि उजवीकडे 1. कारण −1 पासून 1 पर्यंत जाताना मध्ये 0 लागतो आणि तिथे फंक्शनच नाही, थिअरम लावणार कुठे? म्हणूनच 1/x चं उत्तर log|x| + C लिहितो तेव्हा खरं तर x > 0 साठी एक C आणि x < 0 साठी वेगळा C चालतो.