तन्वीस, नागपूरला जाताना

प्रिय तन्वी,

उद्या तुमचं सामान ट्रकमध्ये चढेल, तेव्हा निवांत बोलता येणार नाही, म्हणून लिहूनच देते.

सहावीत तू माझ्याकडे आलीस तेव्हा दाराजवळच्या सतरंजीवर बसायचीस. "समजलं का?" म्हटलं की मान हलवायचीस आणि घरी गेल्यावर वहीत पूर्णांकांची बेरीज वजाबाकी होऊन यायची. उणे चिन्ह कंसाबाहेर आलं की तुझं गणित तिथंच अडायचं. मग सातवीच्या दिवाळीआधी एका संध्याकाळी तू हात वर केलास, "बाई, मला नाही कळलं. परत सांगा." मी परत सांगितलं, तर मागचे चौघे म्हणाले, आम्हालाही आत्ताच कळलं! तो दिवस माझ्या पक्का लक्षात आहे. आठवीतले तुझे मार्क त्या प्रश्नापासून वाढत गेले.

नागपूरच्या शाळेत पहिल्याच आठवड्यात असाच हात वर कर. तिथं तुला कुणी ओळखत नसेल, बोलण्याची ढबही वेगळी वाटेल, आणि गप्प बसायची सवय परत लागायला दोन दिवस पुरतात. तू गप्प बसू नकोस. एक प्रश्न विचारलास की शेजारची मुलगी मधल्या सुट्टीत आपणहून बोलायला येईल.

अभ्यासाची फार काळजी नाही. बोर्ड तेच आहे, पुस्तकंही तीच. नववीला गणिताचे दोन भाग असतात. त्यातली भूमिती तुला आवडेल, कारण आकृती काढताना तुझी पेन्सिल घाई करत नाही. बीजगणितात मात्र पायऱ्या गाळू नकोस. उत्तर बरोबर आलं तरी मधली ओळ लिहायचीच. विदर्भातल्या शाळा आपल्यापेक्षा थोड्या उशिरा उघडतात, तेवढ्या दिवसांत आठवीची अवयव पाडण्याची उदाहरणं एकदा हाताखालून घाल.

आणि बाबांना सांगून रमण विज्ञान केंद्र बघून ये. तारांगण आहे तिथं. गच्चीवर शुक्र दाखवला तेव्हा तू विचारलं होतंस, "हा लुकलुकत का नाही?" असले आणखी दहा प्रश्न तिथं सुचतील. उन्हाचं तेवढं सांभाळ, मे महिन्यातलं नागपूर साताऱ्यासारखं नाही.

सोबत तुझी सातवीची वही देते आहे, माझ्याकडेच राहिली होती. लाल पेनानं भरलेली पानं आधी बघ, मग परवाचा सरावाचा पेपर बघ. वीसपैकी अठरा.

महाराष्ट्र एक्सप्रेस साताऱ्याहून थेट नागपूरला जाते, म्हणजे तीच गाडी परतही आणते. सुट्टीत आलीस की संध्याकाळी सहाला ये, क्लास चालूच असतो. पहिल्या चाचणीच्या पेपराचा फोटो आईच्या फोनवरून पाठव. जे चुकलं असेल तेही पान पाठव, फोनवर सोडवू.

तुझ्या,
बाई