खातेउतारा पाठवत आहे, खाते जुळवून घेण्याबाबत

दारव्हा, दि. 9 मे 2025

प्रति,
गजाननभाऊ,
कृषी केंद्र, बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

विषय : 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 चा खातेउतारा आणि 73,150 रुपयांच्या फरकाचा ताळमेळ

गजाननभाऊ, नमस्कार.

सोमवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "तुमचा आकडा माझ्या वहीत बसत नाही." तुमच्या खतावणीच्या पानाचा फोटोही पाठवलात, हे फार बरं केलं. आमच्याकडे तुमच्या नावे 31 मार्चची येणे बाकी 2,84,630 रुपये आहे. तुमच्या वहीत आमचे देणे 2,11,480 रुपये लिहिलं आहे. म्हणजे फरक 73,150 रुपयांचा. अकरा वर्षांच्या व्यवहारात एवढा फरक कधी पडला नव्हता, म्हणून मुनीमजींना सोबत घेऊन दोन संध्याकाळी तुमचं पान आणि आमचं खातं ओळीला ओळ लावून पाहिलं. जे सापडलं ते खाली लिहितो.

आधी आमच्या वहीचा उतारा. तपशीलवार पानं सोबत जोडली आहेत, इथे फक्त तिमाहीची बेरीज देतो.

| कालावधी | बिले (नावे) | जमा | बाकी |
|---|---|---|---|
| 1 एप्रिल 2024, मागील बाकी | | | 1,92,340 |
| एप्रिल ते जून | 6,12,450 | 1,90,000 | 6,14,790 |
| जुलै ते सप्टेंबर | 2,38,720 | 1,42,600 | 7,10,910 |
| ऑक्टोबर ते डिसेंबर | 78,240 | 3,80,000 | 4,09,150 |
| जानेवारी ते मार्च | 35,480 | 1,60,000 | 2,84,630 |

जुलै-सप्टेंबरच्या जमेत 1,24,000 रोख व बँकेचे आणि 18,600 ची क्रेडिट नोट आहे. मागील बाकी तुमच्या-आमच्या वहीत एकच आहे, म्हणजे जो काही घोळ आहे तो याच वर्षातला आहे.

पहिली चूक आमची आहे, ती आधी सांगतो. 18 नोव्हेंबरला तुम्ही फोनपेवरून 10,000 रुपये पाठवले होते. आमच्याकडे गजाननभाऊ नावाचे आणखी एक गिऱ्हाईक आहे, दिग्रस रोडवरचे. टॅलीत नाव निवडताना ती रक्कम त्यांच्या खात्यावर पडली. बँकेच्या स्टेटमेंटवर तुमचं नाव स्पष्ट दिसतं, आणि त्या गिऱ्हाईकालाही विचारलं, त्यांनी असे पैसे पाठवलेलेच नाहीत. नोंद दुरुस्त केली आहे. या एका गोष्टीसाठी मनापासून माफी मागतो. जवळपास सहा महिने तुमचे दहा हजार दुसऱ्याच्या नावावर पडून राहणं बरोबर नाही.

दुसरी गोष्ट 40,000 च्या चेकची. यात चूक कुणाचीच नाही. 29 मार्चला, शनिवारी संध्याकाळी, तो आमच्या माणसाच्या हाती दिलात, आणि त्याच तारखेला वहीत लिहिलात. रविवारी गुढीपाडवा, सोमवारी ईद, मंगळवारी बँकेचं वार्षिक क्लोजिंग. आम्ही चेक 2 एप्रिलला भरला आणि जमाही त्याच दिवशी धरला. चेक वटला आहे. 31 मार्चच्या उताऱ्यात तो दिसत नाही, एप्रिलच्या पानावर दिसेल.

आता तुमच्याकडे पाहायच्या नोंदी. 14 ऑगस्टचं बिल क्र. 1187, फवारणीच्या औषधाचं, 18,290 रुपये, तुमच्या पानावर दिसत नाही. बोंडअळीची घाई सुरू होती, माल ऑटोने दोन पेट्यांत आला. चलनावर तुमच्या पुतण्याची हिरव्या शाईने सही आहे आणि बाजूला "2 पेटी मिळाल्या" असं लिहिलेलं आहे; त्याची झेरॉक्स जोडली आहे. दुकानातला स्टॉक एकदा तपासून घ्या. हे बिल आमच्या विक्रीत दाखवलं आहे, त्यामुळे ते तुमच्या ऑगस्टच्या GSTR-2B मध्ये आलेलं असेल. मूळ किंमत 15,500 आणि 18 टक्क्यांप्रमाणे कर 2,790. वहीत नोंद राहिली म्हणून हे क्रेडिट सुटू देऊ नका. 2024-25 चं क्रेडिट घ्यायची मुदत 30 नोव्हेंबर 2025 पर्यंत आहे. तुमच्या सीएंना एवढं एक बिल जरूर दाखवा.

सोयाबीनच्या परत आलेल्या 6 बॅगांची क्रेडिट नोट आम्ही 18,600 ची दिली, म्हणजे बॅगेला 3,100, बिलावरच्याच दराने. तुम्ही 3,300 ने 19,800 वजा केलेत. बॅगेवर छापलेली किंमत तीच आहे, म्हणून तसं झालं असावं. पण माल ज्या दराने गेला त्याच दराने परत घेतो. 1,200 चा फरक इथे आहे.

22 जूनचं बिल क्र. 842 हे 36,450 चं आहे, तुमच्या पानावर 34,650 लिहिलं आहे. फरक 1,800. नऊने भाग जातो ना, तेव्हा मुनीमजी लगेच म्हणाले, आकडे उलटसुलट पडलेत. बिलाची प्रत लावली आहे.

एवढं केल्यावर 71,290 रुपयांचा हिशेब लागतो. 1,860 रुपये राहतात, ते मला कुठेही सापडले नाहीत. एखाद्या बिलातून हमाली-भाडं तुम्ही वजा केलं असेल, तर तारीख सांगा. आमच्याकडून आलेल्या मालाचं भाडं आम्ही भरायचं ठरलं असताना तुम्ही भरलं असेल, तर ते मान्य करायला माझी हरकत नाही. पावती नसली तरी चालेल, तारीख आणि गाडीवाल्याचं नाव एवढं पुरे.

हे सगळं धरलं तर आमच्या वहीतली बाकी 2,84,630 मधून 10,000 आणि 40,000 गेल्यावर 2,34,630 होते. तुमच्या 2,11,480 मध्ये 18,290, 1,200, 1,800 आणि राहिलेले 1,860 मिळवले तर तोच आकडा येतो. 31 मार्चनंतरची नवी बिलं यात धरलेली नाहीत, ती वेगळ्या पानावर आहेत.

गजाननभाऊ, ही पैशाची मागणी म्हणून पाठवत नाही. बाकी कशी आणि कधी द्यायची ते आपण नेहमीप्रमाणे बसून ठरवू. पण मृग जवळ आला आहे, कपाशीच्या पाकिटांची आणि खताची बुकिंग सुरू झाली आहे, आणि जुना फरक तसाच ठेवून नवीन बिलं चढवली तर पुढच्या वर्षी दोघांनाही काहीच उलगडणार नाही. ताळमेळ व्हायच्या आत तुमचा माल मी थांबवणार नाही, हेही आत्ताच लिहून देतो.

20 मे पर्यंत एवढं करा. सोबतचा उतारा तुमच्या वहीशी पुन्हा ताडून बघा. जे मान्य आहे त्यासमोर बरोबरची खूण करा, जे मान्य नाही त्यासमोर तुमचा आकडा लिहा, सही-शिक्का मारून एक प्रत मला पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो चालेल, पण मूळ कागद वहिनींजवळ किंवा पुतण्याजवळ ठेवा, आमचा माणूस बोरीला आला की घेऊन येईल. एखादी नोंद कागदावर सुटत नसेल तर तुमची खतावणी आणि बिलांची फाईल घेऊन दुकानावर या. मी मुनीमजींना दुपारी मोकळं ठेवतो, दोन तासांत होऊन जाईल.

घरी सगळ्यांना नमस्कार सांगा.

आपला,
रमेश
ठोक कृषी निविष्ठा विक्रेते, दारव्हा

सोबत : खात्याची सविस्तर पानं, बिल क्र. 842 व 1187 च्या प्रती, ऑगस्टच्या चलनाची झेरॉक्स, सोयाबीनची क्रेडिट नोट, 18 नोव्हेंबरचं बँक स्टेटमेंट, एप्रिल 2025 पासूनच्या नव्या बिलांचं पान